रजिस्टर कमी केली की माझा कंपायलर थांबतच नाही (ग्राफ कलरिंग आणि स्पिल)

खानापूरचा

नमस्कार मंडळी. बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहायलोय, शेवटी रिस्क-फाइव्ह असेंब्ली बाहेर पडते. रजिस्टर वाटप ग्राफ कलरिंगनं केलंय. एकाच वेळी लाइव्ह असलेल्या दोन व्हेरिएबलांत कड, रजिस्टर म्हणजे रंग, आणि रंग संपले की एकाला स्पिल करून स्टॅकवर पाठवायचं. सगळी रजिस्टर दिली की काही अडचण नाही. पण सरांनी सांगितलं, रजिस्टर मुद्दाम कमी करून दाखव. तिथं घोटाळा व्हायलाय.

फंक्शनला `n`, `p`, `c` असे तीन पॅरामीटर आहेत. मधला कोड असा:

```
    s = 0
    i = 0
L:  if i >= n goto E
    t = i << 3
    u = p + t
    v = load u
    s = s + v
    i = i + 1
    goto L
E:  r = s * c
    return r
```

`K` म्हणजे वापरायला दिलेली रजिस्टर किती ते. `K=5` ठेवलं तर उत्तर बरोबर येतं, पण लूप उगीचच हळू वाटतो. `K=3` ठेवलं तर कंपायलर संपतच नाही. लॉग बघा:

```
round 1: spill n p c   frame 24
round 2: spill t       frame 32
round 3: spill p1      frame 40
round 4: spill t1      frame 48
round 5: spill p2      frame 56
round 6: spill t2      frame 64
```

असंच पुढं चालू राहतं, Ctrl+C दाबेपर्यंत. `p1` म्हणजे `p` स्पिल झाल्यावर वापराच्या आधी लोड करायला तयार केलेलं नवं नाव. स्पिलसाठी कोणाला निवडायचं? ज्याचे वापर सर्वांत कमी तो. दोघांचे सारखे असले तर टेबलात जो आधी तो. कुठं बघू?

---

कुंदा_आणि_कोड

अरे सोपं आहे. `u = p + t` या ओळीपाशी बघ. `s`, `i`, `p`, `t` चौघंही लाइव्ह आहेत. चार माणसं आणि तीन खुर्च्या, मग कसं बसणार? तुझा कंपायलर बरोबर आहे, `K=3` लाच अशक्य आहे. सरांना सांग किमान चार पाहिजेत.

---

उद्यमबाग

आमच्या युनिटमध्ये ८०५१ वर कंट्रोलर चालतो. मी सरळ `register int i;` असं लिहितो. तुम्हीही लूपच्या व्हेरिएबलला तसं लावून बघा, फास्ट होईल.

---

खानापूरचा

@उद्यमबाग दादा, मी सी मध्ये प्रोग्राम लिहीत नाही हो, मी कंपायलरच लिहायलोय. `register` बघून काय करायचं ते माझ्यासारख्यानंच ठरवायचं असतं.

@कुंदा_आणि_कोड अशक्य असेल तर `K=3` चं मशीनच बनवता येणार नाही, असं होईल की. ते पटेना.

---

उद्यमबाग

बरं बरं. पण मग आम्ही `register` लिहितो त्याचा उपयोग होतो की नाही? वीस वर्षं लिहितोय.

---

कॅम्पातली

मी मूळची कॅम्पातली, सध्या बेंगळुरूला कंपायलरच्याच कामात. उशिरा बघितला धागा.

आधी @उद्यमबाग काका: आजचे जीसीसी आणि क्लँग तुमच्या `register` कडे ऑप्टिमायझेशन चालू असताना जवळजवळ दुर्लक्ष करतात, सी++ नं तर २०१७ च्या मानकात तो काढूनच टाकला. तुमचा ८०५१ चा कंपायलर जुना असेल तर तो कदाचित अजून ऐकत असेल, त्याचं मॅन्युअल बघावं लागेल.

आता @खानापूरचा. तुझा लॉगच सगळं सांगतोय. दर राउंडला फ्रेम बरोबर ८ बाइटनं वाढतेय आणि नावं `p1`, `p2`, `t1`, `t2` अशी आलटून पालटून येतायत. म्हणजे स्पिल करण्यासाठी जे तात्पुरतं नाव तू स्वतः जन्माला घातलंस, त्यालाच परत स्पिल करतोयस. राउंड २ च्या सुरुवातीला कोड काय आहे ते लिहून काढ:

```
    t  = i << 3
    p1 = load [p]
    u  = p1 + t
```

`u`, `v`, `n1`, `c1` यांना दोनच्या वर शेजारी नाहीत. ते ग्राफमधून निघून जातात. उरतात `s`, `i`, `t`, `p1`. चौघं एकमेकांचे शेजारी, प्रत्येकाची डिग्री ३, रंगही ३. गाडी अडली. तुझ्या हिशेबात `t` आणि `p1` चे वापर दोन-दोन, `s` चे चार, `i` चे पाच. म्हणून तू `t` उचललास. त्याचा परिणाम:

```
    t  = i << 3
    store t, [t]
    p1 = load [p]
    t1 = load [t]
    u  = p1 + t1
```

शेवटच्या ओळीच्या तोंडाशी परत चौघं: `s`, `i`, `p1`, `t1`. ग्राफचा तो भाग तसाच राहिला, फक्त एका नोडचं नाव बदललं. पुढच्या राउंडला `p1`, मग `t1`, मग `p2`. हे जगाच्या अंतापर्यंत चालेल.

उपाय: स्पिलमधून जन्मलेल्या प्रत्येक तात्पुरत्या नावाची किंमत अनंत धर. त्याला स्पिलसाठी उचलायचंच नाही.

आणि @कुंदा_आणि_कोड, चौघं लाइव्ह आहेत हे खरं, पण त्या ओळीला रजिस्टरमध्ये हवेत फक्त दोघं, `p` आणि `t`. `s` आणि `i` तिथं नुसते थांबलेत. थांबलेल्याला स्टॅकवर बसवता येतं. एका सूचनेला एका वेळी किती ऑपरंड लागतात यावर खरी किमान मर्यादा ठरते, एकूण किती लाइव्ह आहेत यावर नाही.

---

निपाणीचे_गणित_सर (निवृत्त)

मला संगणकातलं फार कळत नाही, पण ग्राफ रंगवणं आमच्या अभ्यासात होतं. ज्या नोडला रंगांपेक्षा कमी शेजारी त्याला बाजूला काढायचं, उरलेला ग्राफ रंगवायचा, मग तो परत ठेवायचा, त्याच्यासाठी एखादा रंग शिल्लक असतोच. ही युक्ती केंपेची. १८७९ साली त्याने चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता म्हणून जे मांडलं त्यात ती होती. ती सिद्धता १८९० मध्ये हीवूडनं चुकीची ठरवली, पण ही युक्ती मात्र शाबूत राहिली. तुमच्याकडे ती आली कुठून? आणि नकाशा चार रंगांत रंगतो, तर या मुलाला पाच रजिस्टर का पुरत नाहीत?

---

कॅम्पातली

सर, अगदी तीच युक्ती. आयबीएममध्ये ग्रेगरी चैतिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती पीएल.८ नावाच्या भाषेच्या कंपायलरमध्ये वापरली. पहिला पेपर १९८१ चा, स्पिलवरचा १९८२ चा.

चार रंगांचं प्रमेय नकाशांसाठी, म्हणजे कडा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येणाऱ्या ग्राफसाठी. हा ग्राफ तसा नसतो. याच्याच लूपमध्ये `n`, `p`, `s`, `i`, `c` हे पाचही जण एकदम लाइव्ह आहेत, म्हणजे पाचांपैकी प्रत्येक जोडीत कड. तो ग्राफ कागदावर छेद न देता काढताच येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. चैतिननं तर दाखवलं की कुठलाही ग्राफ घ्या, तो ज्याचा इंटरफिअरन्स ग्राफ होईल असा प्रोग्राम लिहिता येतो. म्हणून कमीत कमी रंग शोधणं सर्वसाधारणपणे एनपी-कठीण, आणि म्हणूनच आम्ही केंपेच्या युक्तीवर भागवतो.

---

कुंदा_आणि_कोड

ताई, एक सांगू? चैतिन जुना झाला. १९८९ मध्ये राइस विद्यापीठाच्या ब्रिग्ज वगैरे मंडळींनी आशावादी कलरिंग काढलं. अडलं की लगेच स्पिल ठरवायचं नाही, नोड तसाच स्टॅकवर ढकलायचा आणि रंग देताना बघायचं, कदाचित रंग मिळेलही. खानापूरच्या भावानं ते लावलं की प्रश्नच मिटला.

---

कॅम्पातली

ब्रिग्जचं लावावंच, फुकटचा फायदा आहे. चार नोडचं चौकोनी कडं घ्या, रंग दोन. प्रत्येकाची डिग्री २, म्हणून चैतिनची पद्धत एकाला स्पिल करते. प्रत्यक्षात समोरासमोरच्या दोघांना एकच रंग देता येतो आणि दोन रंगांत काम होतं. ब्रिग्जची पद्धत हे पकडते, कारण शेजारी किती यापेक्षा शेजाऱ्यांनी प्रत्यक्षात वेगळे रंग किती वापरले हे ती बघते.

पण इथं चौघंही एकमेकांचे शेजारी आहेत. त्यांना चार वेगळे रंग लागणारच, आशा कितीही ठेवा. वर गंमत म्हणजे जो अडल्यावर पहिला ढकलला तो सर्वांत शेवटी रंगवायला येतो, म्हणजे रंग न मिळणारा परत `t` नाहीतर `p1`. ब्रिग्ज लावूनही याचा लॉग हाच राहील.

---

खानापूरचा

ताई, अनंत किंमत लावली. `K=3` आता थांबतं! पण राउंड जास्त होतात. राउंड २ ला `t` स्पिल होतो, मग राउंड ३ ला `s`. `t` चा काही उपयोग झाला नाही ना? नुसता एक स्टोअर आणि एक लोड वाढला.

---

कॅम्पातली

बरोबर बघितलंस. `t` हे स्पिलमधून जन्मलेलं नाही, मूळ कोडातलंच आहे, तरी त्याला स्पिल करून काही सुटत नाही. कारण `t` तयार होतो आणि लगेच वापरला जातो, मध्ये दुसरं कोणीही मरत नाही. कोणी मेलंच नाही तर कोणाचं रजिस्टर मोकळं होणार? चैतिनच्या १९८२ च्या पेपरातही हा नियम आहे: व्याख्या आणि वापर यांच्या मध्ये कुठलीही दुसरी किंमत मरत नसेल तर तो नोड स्पिलसाठी अनंत महाग. लक्ष ठेव, दोन ओळी चिकटून आहेत का हे तपासणं पुरत नाही. राउंड २ मध्ये `t` च्या व्याख्येत आणि वापरात `p1` चा लोड घुसलाय, तरी मध्ये मेलेलं कोणी नाही.

आता तुझा `K=5` चा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथं उत्तर बरोबर येतं म्हणून तू सोडून दिलास. तिथं स्पिल कोण झालं?

---

खानापूरचा

`n`. वापर दोनच होते त्याचे. `p` आणि `c` चेही दोनच, पण टेबलात `n` पहिला.

---

कॅम्पातली

तेच. तू कागदावरच्या ओळी मोजतोस, मशीन मात्र ओळ किती वेळा चालली ते मोजतं. लूप १००० वेळा फिरला तर `if i >= n` ही तपासणी १००१ वेळा होते. म्हणजे `n` साठी स्टॅकवरून १००१ लोड. `c` मात्र संपूर्ण लूपभर एक रजिस्टर अडवून बसलाय आणि लूपमध्ये त्याला कोणी हातही लावत नाही. त्याला स्पिल केलं असतंस तर फंक्शनच्या सुरुवातीला एक स्टोअर, शेवटी गुणाकाराआधी एक लोड. संपलं.

रूढ हिशेब असा: लूपच्या आतल्या प्रत्येक वापराला १० धरायचं, लूपात लूप असेल तर १००, बाहेरच्याला १. मग त्याला डिग्रीनं भागायचं, कारण जास्त शेजारी असलेला नोड काढला तर जास्त जण मोकळे होतात. `c` चा खर्च २, `n` आणि `p` चा प्रत्येकी ११, `s` चा २२, `i` चा ४१. या पाचांची डिग्री ७. `t`, `u`, `v` चा खर्च २० आणि डिग्री ५, पण ते तसेही अनंत. भागाकारात `c` ला पाव-पाऊण काहीतरी येतं, `n` ला दीडच्या वर. `c` काढल्यावर `t`, `u`, `v` ची डिग्री ४ होते, ते निघतात, मग उरलेले चौघं निघतात. एका स्पिलमध्ये काम.

---

कुंदा_आणि_कोड

पण हे १० आलं कुठून? लूप एकदाही फिरला नाही तर? `n` शून्य असेल तर?

---

कॅम्पातली

अंदाज आहे तो, शास्त्र नाही. प्रोफाइल असेल तर खरे आकडे घालतात. नसेल तर लूप म्हणजे बऱ्याचदा फिरणारा, एवढं गृहीत. `n` शून्य असलेल्या फंक्शनचा वेग कोण मोजतंय?

---

कुंदा_आणि_कोड

आमच्याकडे सर्व्हिसमध्ये रिकाम्याच यादीवर लूप जास्त वेळा बोलावले जातात. असो. मला मूळ मुद्दा सांगा, हा ग्राफ बांधायचाच कशाला? प्रत्येक ओळीवर किती लाइव्ह आहेत ते मोजा. जास्तीत जास्त आकडा `K` च्या आत आला की रजिस्टर पुरतात. ग्राफमध्ये मेमरी जाते नुसती.

---

कॅम्पातली

सरळ ओळींच्या कोडात, जिथं उडी नाही, तिथं हे खरं आहे. लूप आला की नाही. हे बघा:

```
L:  b = read
    print a
    c = read
    print b
    a = read
    print c
    goto L
```

(`read` आणि `print` खऱ्या जगात फंक्शन कॉल असतात, ते तूर्त विसरा. लूपमध्ये शिरताना `a` मध्ये काहीतरी आहे असं धरा.) कुठल्याही ओळीवर दोनपेक्षा जास्त लाइव्ह नाहीत. आधी `a` आणि `b`, मग `b` आणि `c`, मग `c` आणि नवा `a`. ग्राफ मात्र त्रिकोण झाला, त्याला तीन रंग लागतात.

---

निपाणीचे_गणित_सर (निवृत्त)

वा. म्हणजे रेघेवरचे तुकडे असते तर दोन पुरले असते, पण हे वर्तुळावरचे कंस आहेत. रेघ वळवून टोकाला टोक जोडलं की हा फरक पडतो.

---

कुंदा_आणि_कोड

पण एसएसए मध्ये माझंच बरोबर आहे. तिथं प्रत्येक नाव एकदाच लिहिलं जातं. एसएसए चा ग्राफ कॉर्डल असतो आणि जास्तीत जास्त लाइव्ह तेवढेच रंग लागतात. २००५-०६ च्या सुमारास हे सिद्ध झालंय.

---

कॅम्पातली

हो, एसएसए मध्ये बरोबर. फुकट मात्र नाही. वरच्या उदाहरणात शेवटच्या `a` ला `a2` म्हणा आणि `goto` च्या आधी `a = a2` लिहा. आता `a` पहिल्या रजिस्टरमध्ये, `b` दुसऱ्या, `c` पहिल्या, `a2` दुसऱ्या. दोन रजिस्टरमध्ये बसलं, पण प्रत्येक फेरीला एक मूव्ह द्यावी लागली. त्रिकोण फोडायची किंमत ती. आणि @खानापूरचा, पुढे तू अनावश्यक मूव्ह काढायचा टप्पा लिहिशीलच. तो जर आधाशीपणे `a` आणि `a2` ला एकत्र करून मोकळा झाला, तर त्रिकोण परत उभा राहील आणि `K=2` ला स्पिल येईल. म्हणून एकत्र करण्याआधी तपासायचं असतं की नव्या जोडनोडला `K` किंवा त्याहून जास्त डिग्रीचे शेजारी `K` पेक्षा कमी आहेत का.

मेमरीचं म्हणाल तर तक्रार रास्त आहे. धावता धावता कंपाइल करणाऱ्या प्रणालींत पोलेटो आणि सरकार यांची १९९९ ची लिनिअर स्कॅन पद्धत त्यासाठीच चालली, ती ग्राफ बांधतच नाही. एलएलव्हीएम २०११ पासून स्वतःची ग्रीडी पद्धत वापरतं, तीही चैतिनसारखी नाही. जीसीसीचा मुख्य वाटप करणारा भाग मात्र अजून कलरिंगवरच आहे.

---

उद्यमबाग

माझा एक प्रश्न. आमच्या ८०५१ ला आर-० ते आर-७ अशी आठच रजिस्टर, पण असे चार संच आहेत, एका वेळी एकच चालू. इंटरप्टमध्ये आम्ही संच बदलतो. हे तुमच्या रंगांत कसं मांडणार? बत्तीस रंग की आठ?

---

कॅम्पातली

आठ. संच बदलला की जुन्या संचातल्या किमती तशाच थांबून राहतात, सूचनेला त्या आर-० नावानं मिळत नाहीत. इंटरप्टचं रूटीन वेगळा ग्राफ म्हणून रंगवायचं. दोन्ही बाजूंनी एकच संच वापरला गेला तर काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल.

---

उद्यमबाग

बघितलंय. मशीन चालू असताना काउंटर उलटा फिरला होता. त्यावर नंतर लिहीन.

---

खानापूरचा

ताई, सगळं घातलं. लूपची वजनं, डिग्रीनं भागाकार, तात्पुरत्यांना अनंत, मध्ये कोणी मरत नसेल त्यांना अनंत, आणि ब्रिग्जसारखं उशिरा ठरवणं. आता:

```
K=5  round 1: spill c      frame 8
     round 2: ok

K=3  round 1: spill c n p  frame 24
     round 2: spill s      frame 32
     round 3: ok
```

`K=3` ला लूपमध्ये प्रत्येक फेरीला पाच वेळा मेमरीत जावं लागतं: `n`, `p`, `s` चे लोड, `s` चा स्टोअर आणि मूळचा `v` चा लोड. `K=5` ला फक्त `v`. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

पण आता हौसेनं `K=2` लावलं. तुम्ही म्हणालात एका सूचनेला लागतील तेवढी पुरतात, इथं कुठल्याच सूचनेला दोनपेक्षा जास्त लागत नाहीत. तरी कंपायलर म्हणतो निवडायला कोणी उरलं नाही:

```
K=2  round 3: stuck: n p c (all infinite)
```

---

कुंदा_आणि_कोड

बघ. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं अशक्य म्हणून.

---

कॅम्पातली

कुंदासाहेब, तुम्ही तीनला सांगितलं होतं 😄

@खानापूरचा, अडलेली नावं बघ. `n`, `p`, `c` लूपमध्ये अडलेले नाहीत, फंक्शनच्या दारातच अडलेत. बोलावणारा त्या तीन किमती `a0`, `a1`, `a2` मध्ये घालून पाठवतो, म्हणजे पहिली ओळ चालायच्या आधीच तीन रजिस्टर भरलेली आहेत. तू एकेकाला स्टॅकवर टाकणार, पण पहिल्याला टाकेपर्यंत तिघंही लाइव्ह. तिथं त्रिकोण आहे आणि त्यातल्या कोणाला स्पिल करून आणखी छोटं करता येत नाही. दोनच रजिस्टरच्या मशीनला तीन पॅरामीटर रजिस्टरमध्ये द्यायचा करारच लागू होत नाही. एकतर तिसरा पॅरामीटर स्टॅकवरून घे असं `K=2` साठी ठरव, नाहीतर `a0` ते `a2` यांना आधीच रंगवलेले नोड म्हणून ग्राफमध्ये घाल आणि ते `K` मध्ये मोजू नको. दुसरा मार्ग पुढे फंक्शन कॉल रंगवताना लागणारच आहे, पण तेव्हा ते `K` मध्ये मोजावेच लागतील, आणि मग कॉलच्या आरपार जगणारा प्रत्येक नोड त्या सगळ्यांचा शेजारी होतो.

---

खानापूरचा

पहिला मार्ग आत्ता करतो, शुक्रवारी दाखवायचंय. पण एक कळेना. `s` कॉलच्या आरपार जगत असेल तर त्याला स्पिल करायचं, की `s0` सारखं एखादं रजिस्टर द्यायचं जे बोलावलेल्या फंक्शननं सांभाळायचं असतं? ते दिलं तर मला सुरुवातीला त्याची जुनी किंमत स्टॅकवर ठेवावी लागेल आणि शेवटी परत आणावी लागेल. तो खर्च कोणाच्या नावावर लिहायचा? पहिल्यांदा ज्याला ते रजिस्टर मिळालं त्याच्या? मग दुसऱ्या व्हेरिएबलला तेच रजिस्टर फुकट पडणार.

---

कॅम्पातली

यावर आमच्या टीममध्येही दोन मतं आहेत. मी पहिल्याच्या नावावर लिहिते, शेजारच्या टेबलावरचा माणूस सर्वांत वाटून टाकतो. दोन्ही करून एकाच प्रोग्रामवर मोज आणि आकडे इथं टाक.

---

निपाणीचे_गणित_सर (निवृत्त)

आकडे टाकताना प्रत्येक वेळचा ग्राफही कागदावर काढून त्याचा फोटो टाक बाळ. मला कोडपेक्षा ते वाचायला सोपं जातं.